आघातचिन्ह कुणाचं?

उच्चारांच्या वर्गात नवीन कुणी आलं की मी आधी बारा इंग्रजी शब्द वाचून घेतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. त्या दिवशी आलेल्या बाई तीन महिने शिक्षकाशिवाय, फक्त शब्दकोशातली चिन्हं वाचून उच्चार शिकत होत्या. फोनवरच्या कोशात आवाज ऐकायचं बटण असतं, ते त्या मुद्दाम दाबत नसत. चिन्हांवरूनच उच्चार आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या यादीतले सगळे शब्द त्यांच्या वहीत आधीच होते, प्रत्येकापुढे कोशातली चिन्हं उतरवलेली. मी ती कोशाशी ताडून पाहिली. उतरवण्यात एकही चूक नव्हती.

वाचताना मात्र वेगळंच झालं. डॉक्टर, टीचर, हॉस्पिटल, कॅलेंडर या शब्दांतला जोर अगदी जागेवर पडला. पिवळ्या रंगाच्या शब्दाचाही जोर बरोबर होता, पण शब्द ऐकू आला 'जेलो'. उरलेले सात शब्द होते पोलीस, हॉटेल, कमिटी, इव्हेंट, कम्प्युटर, डिव्हेलप आणि फोटोग्राफर. त्या सातही शब्दांत त्यांनी पहिल्याच सिलॅबलवर जोर दिला होता. सातही ठिकाणी तो चुकीचा.

कानावर पडलेल्या सवयीमुळे उच्चार चुकतो तेव्हा चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. एखादा शब्द बरोबर येतो, त्याच्यासारखाच दुसरा चुकतो. शिवाय आजूबाजूला 'जेलो' म्हणणारं कुणी सापडणार नाही. म्हणजे ही चूक कानातून आलेली नव्हती, वाचनातून आलेली होती. बाई एक नियम पाळत होत्या, आणि प्रामाणिकपणे पाळत होत्या. तो नियम कोणता, एवढंच शोधायचं होतं.

मी त्यांना डिव्हेलपची ओळ दाखवली, /dɪˈveləp/, आणि म्हटलं, "या उभ्या टिंबवजा रेघेवर बोट ठेवा. ही कुणाची?"

त्यांनी बोट रेघेवरून मागे, dɪ वर नेलं. "याची. आधी सिलॅबल, मग त्यावर टोला."

"आणि डॉक्टरमध्ये? /ˈdɒktə(r)/. इथे रेघेच्या मागे काहीच नाही."

"तिथे मागे कुणी नाही, म्हणून ती पुढच्याची."

पाच शब्द बरोबर का आले, ते इथे उलगडलं. या कोशात आघाताची रेघ ज्या सिलॅबलवर जोर द्यायचा त्याच्या आधी येते, वरच्या बाजूला. तिच्या लगेच पुढचं सिलॅबल ठासून म्हणायचं. शब्दाची सुरुवातच जोराने होत असेल तर रेघ सगळ्यांत आधी येते, आणि तिथे बाईंचा नियम आणि खरा नियम एकच उत्तर देतात. इंग्रजीत असे शब्द भरपूर आहेत. त्यामुळे चुकीचा नियमही पुष्कळदा बरोबर ठरत राहतो, आणि एकट्याने शिकणाऱ्याला संशय यायला जागाच राहत नाही.

पण हा नियम आला कुठून? उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर होतं. तिथे त्यांनी एका जुन्या अमेरिकी कोशातून चिन्हांचा तक्ता उतरवून ठेवला होता. अभ्यास फोनवरच्या ब्रिटिश कोशावर आणि चिन्हांची किल्ली मात्र त्या जुन्या पुस्तकातली, असं चाललं होतं. काही अमेरिकी कोशांची स्वतःची लिपी असते, आणि त्यांतल्या काहींत आघाताची खूण सिलॅबलच्या नंतर छापतात. त्याच लिपीत j म्हणजे ज आणि y म्हणजे य. स्पेलिंगला हे जवळचं असल्यामुळे ते सोपंही वाटतं. बहुतेक ब्रिटिश कोशांत, आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या बहुतेक कोशांत, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरतात. ती लिपी सांभाळणारी संस्था १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. या लिपीत खूण सिलॅबलच्या आधी असते, j हा य असतो आणि ज साठी dʒ हे जोडचिन्ह असतं. सात शब्दांतला सरकलेला जोर आणि 'जेलो', दोन्हींचं मूळ एकच होतं. किल्ली दुसऱ्या कुलपाची होती.

कम्प्युटरसमोर वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. /kəmˈpjuːtə(r)/ यात p नंतर ज कसा येईल, हे त्यांना खटकलं होतं. खटकलं ते योग्यच होतं. मला ते प्रश्नचिन्ह फार मोलाचं वाटलं, कारण तिथे त्यांची जीभ त्यांना बरोबर सांगत होती. 'प्जू' असं काही तोंडात बसेना तेव्हा शब्द सोडून चिन्हांच्या तक्त्यावर शंका घ्यायला हवी होती. म्हणून नवा कोश हातात घेतला की पहिलं काम त्याच कोशाचा तक्ता उघडायचं. छापील कोशात तो सुरुवातीच्या पानांत असतो किंवा पानांच्या तळाशी चालत असतो, ॲपमध्ये मदतीच्या पानावर. त्यात फक्त दोन गोष्टी तपासल्या तरी पुरे: य साठी कोणतं चिन्ह आहे, आणि आघाताची रेघ नमुना शब्दात कुठे आहे.

ज बद्दल थोडं आणखी बोललो, कारण मराठी माणसाला इथे आयतं साधन मिळतं. आपल्याकडे ज दोन आहेत. 'जेवण'मधला ज हा /dʒ/ च्या जवळचा. 'जग'मधल्या ज मध्ये जीभ दातांमागे क्षणभर टेकते आणि मग घासत सुटते. ते टेकणं काढून टाकलं आणि नुसतं घासणं ठेवलं की /z/ मिळतो. च चंही तसंच आहे. /tʃ/ म्हणजे 'चार'मधला च, 'चाक'मधला नव्हे. बाईंनी हे लगेच जिभेने ओळखलं, तक्ता पाहायची गरज पडली नाही.

मग फोटोग्राफर हा एकच शब्द घेऊन बसलो: /fəˈtɒɡrəfə(r)/. आधी स्वरचिन्हं मोजायची. ə, ɒ, ə, ə म्हणजे चार स्वर, म्हणून चार सिलॅबल. मग रेघ शोधायची. तिच्या पुढे tɒ आहे, म्हणून जोर 'टॉ'वर. आता शब्दाच्या सुरुवातीपासून वाचायचं नाही. जोराच्या सिलॅबलपासून सुरू करायचं: 'टॉ', मग 'टॉग्रफ', आणि ते तीन-चारदा म्हणून घट्ट झालं की समोर हलका 'फ' लावायचा. सुरुवातीपासून वाचलं तर जीभ पहिल्याच सिलॅबलवर जोर खर्च करून बसते आणि 'टॉ'साठी काही उरत नाही. शेवटचा (r) कंसात आहे, कारण ब्रिटिश उच्चारात तो पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तरच ऐकू येतो. अमेरिकी उच्चारात तो नेहमी असतो.

उलटा दिसणारा e, म्हणजे ə, त्याला श्वा म्हणतात. हा इंग्रजीतला सगळ्यांत ढिला स्वर. जबडा सैल, ओठ सैल, आखूड 'अ'. बाई तो 'ओ' म्हणत होत्या, कारण नजर चिन्हावरून घसरून स्पेलिंगमधल्या ओ वर जात होती. म्हणून वहीत चिन्हं लिहिताना शेजारी स्पेलिंग न ठेवता ते पानाच्या मागे लिहायला सांगितलं. एवढ्यानेच पोलीस /pəˈliːs/ मधला 'पो' गेला आणि 'प' आला.

याच श्वाने त्यांना स्वतःची चूक पकडायचं साधन दिलं. ब्रिटिश कोशांच्या लिपीत एकट्या ə वर आघात येत नाही. त्यांच्या जुन्या वाचनात कमिटी /kəˈmɪti/, पोलीस, कम्प्युटर, फोटोग्राफर या चारही शब्दांत जोर नेमका ə वर पडत होता. म्हणजे कोशात आवाजाचं बटण नसतं तरी चूक कळू शकली असती: आपण ə वर जोर देत असू तर रेघ चुकीच्या बाजूने वाचतोय. डिव्हेलपला मात्र ही कसोटी लागू होत नाही, तिथे पहिला स्वर ɪ आहे. आणि काही अमेरिकी कोशांत आघात असलेल्या 'अ' लाही ə च लिहितात, तिथेही ती उपयोगाची नाही.

नियम कळला तरी जुनी सवय लगेच जात नाही, म्हणून वहीतले सातही शब्द परत लिहायला लावले. रेघ उतरवायची आणि तिच्या पुढच्या सिलॅबलखाली लाल पेनाने अधोरेखा मारायची. रेघ डोळ्याला चटकन दिसत नाही, अधोरेखा दिसते. रेकॉर्ड या शब्दाची दोन रूपं शेजारी लिहिली: नाम /ˈrekɔːd/, क्रियापद /rɪˈkɔːd/. रेघ एका जागेवरून सरकली की शब्दाची जात बदलते आणि पहिला स्वरही. ही जोडी त्यांनी दहा वेळा आलटून पालटून म्हटली.

शेवटी वहीत नसलेला एक शब्द दिला, इंजिनिअर: /ˌendʒɪˈnɪə(r)/. त्यांनी स्वर मोजले, तीन म्हणाल्या. खालच्या बाजूची रेघ पाहून विचारलं, तेव्हा सांगितलं की हा दुय्यम आघात, हलका टेकू. dʒ ला त्यांनी 'जेवण'मधला ज लावला. मग थांबल्या.

"सर, वरच्या रेघेच्या पुढे ə आहे. तुम्ही तर म्हणालात त्यावर आघात येत नाही."

"एकट्या ə वर येत नाही. तो इथे एकटा आहे का?"

त्यांनी परत पाहिलं. ɪ आणि ə मिळून एक जोडस्वर होतो, जसा हॉटेलमधल्या /həʊˈtel/ मध्ये əʊ. म्हणूनच स्वर मोजताना त्यांनी चारऐवजी तीन मोजले होते, आणि ते बरोबर होतं. मग त्यांनी 'निअ'पासून सुरुवात केली, मागे 'एंजि' जोडलं, पूर्ण शब्द दोनदा म्हटला, आणि त्यानंतर पहिल्यांदाच फोनवरचं आवाजाचं बटण दाबलं.