चौदा पैशांचा घोळ

साताऱ्याच्या एका मिठाईच्या दुकानाला आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. महिनाअखेरीला तिथल्या हिशेबनीस काकांचा फोन आला, "मॅडम, बिलांची बेरीज आणि तुमचा जीएसटीचा रिपोर्ट यात चौदा पैशांचा फरक येतोय." चौदा पैसे! पण काका ऐकणारे नव्हते, आणि खरं तर बरोबरच होतं. ताळा जुळत नाही म्हणजे नाही.

फरक होता सात बिलांत, प्रत्येकी दोन पैसे. सातही बिलं १०७ रुपयांच्या एकाच बॉक्सची. कर ५ टक्के, म्हणजे सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. १०७ चे अडीच टक्के २.६७५, म्हणजे २.६८. बिलावर तेच होतं, रिपोर्टमध्ये मात्र २.६७. मी पायथॉनमध्ये दोन्हीकडची सूत्रं टाकून पाहिली:

```
>>> 107 * 0.025
2.6750000000000003
>>> 107 * 2.5 / 100
2.675
>>> round(107 * 2.5 / 100, 2)
2.67
```

गणित एकच, उत्तरं दोन. `0.1 + 0.2` चं उत्तर `0.30000000000000004` येतं, त्याचंच हे भावंड. आपल्या दशांशात एक तृतीयांश जसा ०.३३३... करत संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. तिथे अर्धा, पाव, अष्टमांश नेमके बसतात. बाकीच्यांना जवळच्या संख्येवर भागवावं लागतं. स्क्रीनवर २.६७५ दिसत असलं तरी आत साठवलेली संख्या २.६७४९९९९९९९९९९९९८ च्या आसपास असते. `round` ने ती खाली आणली, यात त्याची चूक नाही. पहिल्या सूत्रात मात्र ०.०२५ आधीच किंचित जास्त साठवलेला, त्यामुळे गुणाकार पलीकडच्या बाजूला पडला.

शेवटच्या अंकात चिमूटभर वाढवून `round` करायचं, असा जुगाड आमच्यातल्या एकाने सुचवला. मला तो पटला नाही. रक्कम पूर्णांक पैशांत ठेवायची आणि अपूर्णांक येऊच द्यायचा नाही, असं ठरवलं. अडीच टक्के म्हणजे हजारी २५, आणि अर्धा पैसा वर जावा म्हणून ५०० मिळवायचे:

```
(10700 * 25 + 500) // 1000    # 268
```

दोन्हीकडे हेच एक फंक्शन लावलं आणि सातही बिलं जुळली.

संध्याकाळी सहज माल परतीची नोंद तपासली. रक्कम उणे १०७०० टाकली तर उत्तर -२६७. विकताना २६८ पैसे घेतले, परत करताना २६७! `//` नेहमी खालच्या पूर्णांकाकडे भागतो, आणि उणे संख्यांत खाली म्हणजे शून्यापासून लांब. त्यात वर मिळवलेले ५०० शून्याच्या बाजूला ओढतात. नेमका अर्धा पैसा आला की उणे रकमेत तो वेगळ्या बाजूला पडतो. मग चिन्ह बाजूला काढलं, धन रकमेवर हिशेब केला आणि चिन्ह परत लावलं. काकांना नवा रिपोर्ट पाठवला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. उत्तर आलं, "शून्य फरक. आता मागच्या महिन्याचाही बघा."