एका ओळीत दोन ए

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा सोयाबीन क्लीनिंग-ग्रेडिंग प्लांट उभा राहतोय, त्याचं समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. तिथे एलिव्हेटरचा खड्डा फूटभर उथळ निघाला, त्या दिवसाबद्दल लिहितोय.

बकेट एलिव्हेटर खड्ड्यात बसतो आणि खालून माल उचलून वर मशीनला देतो. खड्डा उथळ झाला की एलिव्हेटरचं तोंड वर येतं, हॉपरपासून तिथपर्यंतच्या चुटचा उतार मोडतो आणि ओलसर सोयाबीन चुटमध्येच तुंबतं. सप्लायरनं सुधारित ड्रॉइंगमध्ये चार फुटांचा खड्डा पाच फूट केला होता. मेल प्लांट मॅनेजर आणि साइट इंजिनिअर, दोघांनाही गेला होता. तरी खोदाई जुन्याच कागदावर झाली आणि तळाचं काँक्रीटही पडलं.

मॅनेजर म्हणाले, "मला वाटलं, इंजिनिअर साहेब बघायलेत." इंजिनिअर म्हणाले, "ड्रॉइंग तर तुमच्याकडंच की!" दोघंही खरंच बोलत होते. ऑफिसच्या भिंतीवरच्या रासी तक्त्यात 'पायाचं ड्रॉइंग' या ओळीत दोघांच्याही खाली ए होता.

ज्यांनी हा तक्ता पाहिला नसेल त्यांच्यासाठी: डावीकडे कामं, वर माणसं, आणि मधल्या खान्यांत त्या कामात त्या माणसाची भूमिका सांगणारं अक्षर. आर म्हणजे हातानं काम करणारा, ए म्हणजे काम झालं नाही तर ज्याला जाब विचारायचा तो, सी म्हणजे ठरवण्याआधी ज्याचं मत घ्यायचं तो, आय म्हणजे नंतर ज्याला नुसतं कळवायचं तो. आर एकाहून जास्त चालतात. ए मात्र दर ओळीत एकच, कमी नाही नि जास्त नाही. आमचा तक्ता एका सल्लागारानं करून दिला होता आणि कुणी रुसू नये म्हणून लग्नातल्या आहेरासारखे ए वाटले होते.

त्याच दुपारी सगळ्यांना बसवलं. आधी तक्त्याच्या एक्सेल फाइलमध्ये शेवटी ए मोजणारा एक रकाना घातला:

```
=COUNTIF(B2:H2,"*A*")
```

दोन्हीकडचे तारे मुद्दाम आहेत, कारण एकच माणूस जबाबदारही असतो आणि कामही करतो तेव्हा खान्यात A/R असतं, आणि ताऱ्यांशिवाय ते मोजलंच जात नाही. उत्तर 1 नसलेली प्रत्येक ओळ लाल केली.

ड्रॉइंगच्या ओळीवर सगळ्यांना वाटलं, एकाचा ए खोडला की झालं. मी अडवलं. दोन ए दिसले की आधी विचारायचं: ओळीत कामं दोन आहेत का? इथे होती. सप्लायरच्या ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती मंजूर करणं हे मॅनेजरचं, कारण मशीन चालवायचं त्यांना आहे. मंजूर ड्रॉइंगप्रमाणे खड्डा करून घेणं इंजिनिअरचं. ओळ फोडली तेव्हा मधली तिसरी ओळ दिसली: नवीन प्रत साइटवर देणं आणि जुनी परत घेणं. खड्डा चुकला तो इथेच, आणि या कामाला तक्त्यात कुणीच नव्हतं. नुसता ए खोडला असता तर ती ओळ कधी दिसलीच नसती. तिचा ए इंजिनिअरला दिला. जुनी प्रत परत आल्याशिवाय फावडं लागणार नाही, हे त्यांनीच सांगितलं.

'वीजजोडणी' या ओळीत ए कंत्राटदाराला होता. बाहेरच्या माणसाला आर द्या, हरकत नाही. पण जोडणी रखडली तर संचालक मंडळ त्याला काय विचारणार? तो ए मॅनेजरकडे आला.

खरी अडचण 'सप्लायरला हप्ता देणे' या ओळीची. तिथे ए चेअरमन आणि सीईओ दोघांना. चेअरमन अण्णा म्हणाले, "चेकवर दोघांच्या सह्या लागतात, मग ए दोन का नकोत?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण दुसरी सही गैरव्यवहार होऊ नये म्हणून असते. माल तपासला का, बिल जुळलं का, हप्ता वेळेत सुटला का, याचं उत्तर एकानंच द्यायचं. मी ए सीईओंना आणि चेअरमनना आर सुचवला, कारण सही करणं हेही कामच. अण्णांना आर कमीपणाचा वाटला. "मी काय कारकून आहे का?" म्हणाले. ए म्हणजे मोठा आणि आर म्हणजे हलका, ही समजूत आमच्याकडे फार घट्ट आहे.

शेवटी ओळ फोडली: 'हप्त्याची शिफारस' सीईओंकडे, 'चेक मंजुरी' अण्णांकडे. सूत्र आता दोन्हीकडे 1 दाखवतं. पण ही फोड ड्रॉइंगसारखी कामामुळे झालेली नाही, मान राखायला झालेली आहे. हप्ता लांबला तर सीईओ म्हणणार शिफारस दिली होती, अण्णा म्हणणार कागद उशिरा आला. म्हणून शिफारस टेबलावर आल्यापासून तीन दिवसांत सही किंवा लेखी हरकत, असं त्या ओळीत लिहून घेतलंय. पुढचा हप्ता मशीन साइटवर उतरलं की द्यायचा आहे.