आमची वाटचाल: कापलेल्या बटाट्याचा फोटो वाचताना

पुण्याच्या मार्केट यार्डातून बटाटा आणि रताळी उचलून वेफर्सवाले, केटरर, खानावळी यांना पोचवणं हा आमचा धंदा. सुरुवातीला व्यवहार सरळ होता. माल उतरला, काटा झाला, बिल दिलं. तक्रारी यायच्या त्या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींच्या: बटाटा हिरवट आहे, कोंब आलेत, पोत्यात पाणी सुटलंय. प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आला आणि तक्रारींचं रूप पालटलं. आचारी बटाटा कापतो, आत काळं किंवा पोकळ दिसतं, फोटो येतो आणि खाली एक ओळ: "माल खराब, बिलातून कापतोय."

ही कपात शेवटी कोणी सोसायची? शेतकऱ्याने, शीतगृहवाल्याने, गाडीवाल्याने की आम्ही? ते त्या डागाची जागा, कडा आणि रंग यांवरून बऱ्याच अंशी ठरवता येतं. बटाट्याच्या पोटातला दोष शेतात झाला की वाटेत, याची खूण कापात राहते. आमची फर्म हळूहळू फोटो वाचण्याकडे वळली ती या भांडणांमुळे.

पण फोटो वाचण्यासारखा हवा. म्हणून काढण्याची पद्धत आधी ठरवली. बटाटा उभा कापायचा, म्हणजे वेलीला जोडलेल्या देठाच्या टोकापासून, जिथे डोळे दाट असतात त्या शेंड्याच्या टोकापर्यंत, बरोबर मधून. आडवा काप घेतला तर दोष कोणत्या टोकाकडे आहे हे कळत नाही, आणि लहानशी पोकळी सुरीच्या बाजूला राहून गेली तर दिसतही नाही. सुरी स्टीलची घ्यायची. लोखंडी विळीने कापलेला बटाटा लोखंडामुळेच निळसर-काळा पडतो आणि निष्कारण वाद होतो. दोन्ही फाका पांढऱ्या कागदावर, शेजारी दहा रुपयांचं नाणं. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे डागाचं माप घरबसल्या निघतं. उजेड सावलीतला, दिवसाचा. फ्लॅश नको, कारण ओल्या कापावर तो चमकतो आणि बरोबर मधला भाग पांढरा उडतो. पहिला फोटो कापल्या कापल्या, दुसरा अर्ध्या तासाने, फाका न हलवता. हा दुसरा फोटो मागितला की लोक कंटाळतात, पण निकाल बहुतेक वेळा त्यावरच लागतो.

त्याचं कारण काळ्या गाभ्यात आहे. बटाटा काढल्यावरही श्वास घेत असतो आणि हवा सालीकडून आत झिरपत गाभ्यापर्यंत जाते. उष्णता वाढली की श्वास वाढतो, प्राणवायूची गरज वाढते, पण हवा आत पोचण्याचा वेग काही तेवढा वाढत नाही. सर्वांत लांब असलेला गाभा मग गुदमरतो आणि तिथल्या पेशी मरतात. ३८ ते ४५ अंशांत एक-दोन दिवस बंदिस्त राहिलेल्या बटाट्यात हे होऊ शकतं, मोठ्या बटाट्यात आधी. पाणी साचलेल्या वावरात किंवा हवा खेळत नसलेल्या गोदामातही होतं. मेलेला गाभा कापल्या क्षणी कधी कधी नुसता गुलाबी-करडा दिसतो. हवा लागली की त्यातली द्रव्यं विकराच्या क्रियेने आधी तपकिरी, मग निळसर-काळी होतात. म्हणून पहिल्या फोटोत गुलाबी आणि दुसऱ्यात शाईसारखा काळा, असा बदल मधोमध दिसला की आम्ही काळा गाभा धरतो. त्याची कड धारदार असते, आकार वेडावाकडा, आणि भोवतीचा गर पांढरा, कडक, निरोगी.

आता, चांगला बटाटाही कापून ठेवला तर तांबूस होतोच. फरक कळायला एक सोपी चाचणी सांगतो: काळ्या भागावरून दोन-तीन मिलिमीटरची चकती काढा आणि लगेच पुन्हा फोटो काढा. खाली स्वच्छ गर निघाला तर ते नुसतं हवेचं काम. डाग तसाच खोल जात असेल तर दोष खरा.

पोकळ गाभा ही वेगळी गोष्ट, आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यात ती "आतून सडलाय" म्हणून येते. सडलेला नसतो. बटाटा फार झपाट्याने फुगला की मधल्या पेशी ताणाने एकमेकींपासून सुटतात आणि चांदणीसारखी किंवा भिंगासारखी, कोपरे टोकदार असलेली फट पडते. तिची भिंत फिकट किंवा बदामी, कोरडी आणि टणक असते. पिकाला ताण बसला, मग एकदम भरपूर पाणी किंवा पाऊस मिळाला, त्यात युरिया जास्त पडलेला, किंवा उगवण विरळ होऊन राहिलेल्या झाडांना मोकळी जागा मिळाली, अशा वावरात हे सापडतं. पोकळी कोणत्या टोकाकडे आहे यावरून वेळही सांगता येते. देठाकडची, आधी तपकिरी झालेल्या गाभ्यातून फाटलेली पोकळी बटाटा धरतानाच्या दिवसांतली. शेंड्याकडची, स्वच्छ भिंतीची पोकळी नंतरच्या फुगवणीतली. उभा काप मागतो तो यासाठीच. पोकळी कापून टाकली की उरलेला बटाटा खायला हरकत नाही, मात्र वेफर्सवाल्याच्या दृष्टीने तो नापासच, कारण चकतीला भोक पडतं आणि पोकळीत तेल साचतं.

घोटाळा होतो तो या दोघांच्या सीमेवर. काळा गाभा जुना झाला की सुकतो, आक्रसतो आणि मध्ये पोकळी राहते. फोटोत दोन्ही "काळं भोक" दिसतात. अशा वेळी आम्ही भिंत पाहतो. काळ्या गाभ्यातून झालेल्या पोकळीची भिंत काळी, फाटकी, आणि काळेपणा भिंतीपलीकडे गरात पसरलेला. पोकळ गाभ्याची भिंत नितळ, बदामी, आणि तिच्या लगेच पलीकडे पांढरा गर. फोटो धूसर असेल तर आम्ही निकाल देत नाही, परत मागतो.

एक लॉट घेऊन सांगतो. मे महिना, आग्र्याकडच्या शीतगृहातला माल, ५० किलोची पोती, ताडपत्री बांधलेली गाडी. वेफर्सवाल्याने पाठवलेल्या पहिल्या फोटोत एकच बटाटा होता, मध्ये काळा. आम्ही त्याला गाडीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातून वेगवेगळी पोती उघडायला सांगितलं, प्रत्येक पोत्यातून हाताला येतील ते दहा बटाटे, निवडून नाही, आणि दहाही फाका एका कागदावर. वरच्या थरातले सगळे स्वच्छ होते. मधल्या थरात दहातले तीन-चार काळे, तळाला एखाद-दुसरा. काळे होते ते बहुतेक मोठे दाणे. कडा धारदार, दुसऱ्या फोटोत काळेपणा वाढलेला, पोकळीची बदामी भिंत कुठेच नाही. मालाच्या आत थराप्रमाणे दोष बदलतो आहे म्हटल्यावर वावराला दोष देता येत नाही, कारण एका शेतातला माल भरताना सगळ्या थरांत मिसळतो. फोनवर विचारलं तेव्हा चित्र पुरं झालं: दोन-चार अंशांतून काढलेला थंड माल सुकू न देता थेट भरलेला, पोत्यांवर दव सुटलेलं, वर ताडपत्री घट्ट. सालीवरचं पाणी हवेची छिद्रं बुजवतं आणि मधल्या पोत्यांची ऊब बाहेर निघत नाही. शेतकऱ्याचे पैसे कापायचा प्रश्न तिथेच मिटला. कपात शीतगृह आणि वाहतूक यांच्यात वाटली गेली. तेव्हापासून उन्हाळ्यात माल सावलीत पसरून, पंख्याखाली सुकवून मगच भरायचा आणि ताडपत्रीच्या बाजू हवेला मोकळ्या ठेवायच्या, ही अट आम्ही चिठ्ठीत लिहून घेतो.

दहा फाकांवर भरवसा किती ठेवायचा, हाही मुद्दा असतोच. मालात शंभरातले पाच बटाटे खराब असले, तरी दहा कापून दहाही स्वच्छ निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. पन्नास कापले तर ती ८ टक्क्यांवर येते. म्हणून "दहा कापले, सगळे छान" असा फोटो घेऊन आम्ही माल पास करत नाही. उलट एका काळ्या बटाट्याच्या फोटोवर पूर्ण लॉट नाकारतही नाही.

काळ्या रेषांचं वाचन थोडं वेगळं. रेष डोळ्यापासून आत शिरत असेल आणि तिच्यात भुश्श्यासारखी काळी विष्ठा असेल, तर ती पाकोळीच्या अळीचं काम. उघड्या ढिगात ठेवलेल्या मालात हमखास. सालीपासून थोडं आत सलग तपकिरी कडं दिसलं, आणि दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट थेंब आले, तर तो बांगडी रोग. तो माल बेण्याला बिलकुल द्यायचा नाही. सालीलगतचा निळसर-करडा ठिपका म्हणजे आपटल्याचा मार, तो एक-दोन दिवसांनी उमटतो, म्हणून उतरवताना दिसत नाही. वास आणि टणकपणा मात्र फोटोत येत नाहीत. "भाऊ, बोटाने दाबून बघा, मऊ लागतंय का, वास आहे का?" हे फोनवर विचारावंच लागतं. मऊ आणि घाण वास असेल तर ती सड, काळा गाभा नव्हे, मग शेजारची पोतीही बाजूला काढायला सांगतो.

रताळी आम्ही नंतर घेतली, आषाढीच्या आणि महाशिवरात्रीच्या मागणीमुळे. तिथे बटाट्याचे नियम लावले की फसगत होते. कापल्यावर सालीखालच्या गोलात चीक येतो आणि थोड्या वेळात काळे ठिपके पडतात, तो रोग नाही. खरा शत्रू सोंड्या भुंगा. त्याच्या अळीचे बोगदे वाकडेतिकडे, विष्ठेने भरलेले, आणि कुठेतरी सालीला भोक असतंच, म्हणून आम्ही सालीच्या बाजूचा फोटोही मागतो. किडीला उत्तर म्हणून रताळं स्वतःच कडू द्रव्यं तयार करतं, ती भोकाभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतात. त्यामुळे पोखरलेलं रताळं थोडं कापून वापरण्यात अर्थ नाही, चवीने सगळी भाजी जाते. बुरशी धरलेली रताळी तर जनावरांनाही घालू नयेत, गाईगुरांच्या फुप्फुसाला त्याने अपाय होतो. सालीला भोक नाही, पण गरात कठीण, बुचासारखे काळपट ठिपके आहेत, असा फोटो आला तर विषाणूची शंका घेतो.

गाभा पोकळ, स्पंजासारखा असेल तर रताळं फार दिवस पडून सुकलेलं किंवा कोंबाळलेलं असतं. गर तपकिरी, आणि शिजवल्यावरही मध्ये टणक राहत असेल, तर आमचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठे ठेवली होती? रताळी १३ ते १५ अंशांत राहतात. बटाट्याच्या शीतगृहात, चार अंशांत, ठेवली की ती थंडीने मरतात, आणि बाहेर काढेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. "जागा होती म्हणून बटाट्याबरोबर ठेवली" असं उत्तर आलं की तो लॉट आम्ही उतरवूनच घेत नाही.