साडेबारा की दीड

मार्चअखेरचा सोमवार. अमळनेरच्या आमच्या गच्चीवर ऊन असं पेटलेलं, की चप्पल घालूनही पाय भाजत होते. आईने सकाळीच जुन्या साडीवर ज्वारीचे बिबडे घातले होते आणि आता वाळलेली साडी उलटी करून, मागून पाणी शिंपडून ते सोडवायचं काम माझ्याकडे होतं. घाई केली की बिबडा फाटतो. त्यामुळे मी निवांत होतो. फोन खाली चार्जिंगला. कॉल दीडला होता, हातात तासभर होता.

सव्वाला खाली आलो, हात धुतले, फोन पाहिला. १२:३३ ला ‘मी आले आहे’. १२:४२ ला ‘सगळं ठीक ना?’ आणि एकला ‘निघते आता, ऑफिस आहे.’

पलीकडे धुळ्याच्या एक ताई. बरीच वर्षं जर्मनीत आहेत, रविवारी तिथल्या मुलांना मराठी शिकवतात. त्यांच्यासाठी मी अहिराणी गोष्टी लिहून देतो. फेब्रुवारीत आमचं ठरलं होतं : सोमवारी तुमचे सकाळचे नऊ, म्हणजे माझे दुपारचे दीड. मी तो दीड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकला आणि तिथेच फसलो. हिवाळ्यात जर्मनी आपल्यामागे साडेचार तास असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं दोनवरून थेट तीनवर जातात आणि अंतर साडेतीन तासांवर येतं. ताईंचे नऊ नऊच राहिले, माझा दीड मात्र साडेबारा झाला. फोनमधल्या कॅलेंडरवर जर्मनीच्या वेळेने आमंत्रण पाठवलं असतं, तर तास आपोआप सरकला असता. भिंतीला ते कसं कळणार?

मग माफीनामा लिहायला बसलो. पहिला खर्डा अकरा ओळींचा झाला. त्यात ऊन होतं, बिबडे होते, चार्जिंग होतं, घड्याळं बदलण्याच्या पद्धतीवर दोन ओळींची टीकाही होती. वाचून पाहिलं, तर अर्धा तास रिकाम्या पडद्यासमोर बसलेल्या बाईंनाच मी माझी दया करायला लावत होतो! आईने चष्म्यावरून पाहिलं. ‘इतलं काय लिखी राहिना? चुकनं ते चुकनं म्हन.’

बिबडे गेले, टीका गेली. घड्याळाचं एक वाक्य मात्र ठेवलं, कारण नवी वेळ त्याच्यावरच उभी होती. ते नसतं तर ताईंना वाटलं असतं, हा पुन्हा दीडलाच उगवणार.

शेवटची ओळ होती : ‘तुम्हाला कधी जमेल ते सांगा.’ दिसायला किती नम्र! पण त्याचा अर्थ असा, की चूक माझी आणि डायरी उघडून मोकळी वेळ शोधायची ताईंनी. मग त्या दोन वेळा कळवणार, त्यातली एक मला जमणार नाही, पुन्हा निरोप. तीही ओळ खोडली. माझ्याच दोन वेळा काढल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची, कारण ऑफिस करणाऱ्या माणसाला दोन सकाळी देणं म्हणजे एकच वेळ दोनदा देणं. बुधवार सोडला, त्या दिवशी १ एप्रिल होता आणि एकदा दांडी मारलेल्याने त्या तारखेचं बोलावणं धाडू नये.

उरलं ते एवढं :

‘ताई, माफ करा. आजचा कॉल माझ्याकडून चुकला. रविवारी तुमच्याकडची घड्याळं बदलली हे माझ्या लक्षात आलं नाही आणि तुम्हाला अर्धा तास ताटकळावं लागलं. उद्या मंगळवारी, ३१ मार्चला, तुमचे सकाळी ९ म्हणजे माझे दुपारी १२:३०. किंवा गुरुवारी, २ एप्रिलला, तुमचे संध्याकाळी ५ म्हणजे माझे रात्री ८:३०. यातली कोणती वेळ चालेल? दोन्ही मोकळ्या ठेवल्या आहेत. दोन्ही अडचणीच्या असतील तर तुमची सांगा, मी जुळवून घेतो. लिंक तीच.’

दीड वाजायच्या आत पाठवला. रात्रीपर्यंत थांबलो असतो, तर आणखी एक माफी वाढली असती.

उत्तर संध्याकाळी आलं : ‘मंगळवार, ९.’ बस्स. रागावल्यात की नाही, काही कळेना. या वेळी आमंत्रण फोनच्या कॅलेंडरमधून धाडलं आणि मंगळवारी सव्वाबारालाच आत जाऊन बसलो.

ताई आल्या, गोष्टींचं बोलणं झालं. निघताना त्यांनी सहज विचारलं, ‘काल होतात तरी कुठे?’ म्हटलं, गच्चीवर, बिबडे सोडवत होतो. त्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘लसूण घातलाय ना?’ पुढची दहा मिनिटं ताई आणि माझी आई बोलत होत्या, मला कोणी विचारलं नाही.

कॉल संपल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर ऑक्टोबरपर्यंत उलटलं आणि शेवटच्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं : ‘उद्यापासून दीड.’