शिलोंढा ट्रेलवर पाच बोटांचा बिबट्या

गेल्या रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शिलोंढा ट्रेल केला, गाईडबरोबर, आम्ही सहाजण. पाऊस नुकताच थांबलेला, त्यामुळे ओढ्याकाठी चिखल असा मऊसूत की चितळाच्या खुरांच्या दोन फाकासुद्धा स्वच्छ उमटलेल्या. पुढे एक मोठा ठसा दिसला, भावाने उभ्याउभ्या तिरका फोटो काढला आणि सगळे पुढे निघालो.

घरी फोटो मोठा करून बघितला तर बोटं पाच! भाऊ म्हणाला, "ताई, उदमांजर असणार, त्याला पाच बोटं असतात." बरोबर आहे, कुत्रा आणि मांजराच्या कुळात चारच उमटतात, पण उदमांजराचा ठसा लहान असतो, तीन-चार सेंटिमीटरचा. इथे मापाला काहीच ठेवलेलं नव्हतं म्हणून आम्ही अडकलो. नशीब, मी परत येताना त्याच ओळीतल्या पुढच्या ठशाशेजारी दहाचं नाणं ठेवून वरून सरळ फोटो घेतला होता. नाणं २७ मिलिमीटरचं, ठसा त्याच्या अडीच पटीपेक्षा थोडा जास्तच रुंद, म्हणजे सात सेंटिमीटर. उदमांजर बाद.

आता या दुसऱ्या फोटोत बोटं चार, नखं नाहीत. पण नुसत्या नखांवर जाऊ नका, घसरड्या चिखलात बिबट्याही नखं काढतो आणि कडक मातीत कुत्र्याची उमटत नाहीत. मी बघते ती बोटांची रांग. कुत्र्याची मधली दोन बोटं जवळजवळ एका रेषेत पुढे असतात, डावी-उजवी बाजू सारखी. इथे एक बोट बाकीच्यांपेक्षा पुढे होतं, आपल्या मधल्या बोटासारखं, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. बिबट्याच!

मग पहिल्या फोटोत पाचवं बोट कुठून आलं? नीट बघितलं तर त्यात गादीच्या कडा दोन होत्या, एकीवर दुसरी चढलेली. बिबट्या चालताना मागचा पाय बरेचदा पुढच्या पायाच्या ठशावरच टाकतो, जरा मागेपुढे पडला की खालच्या ठशाचं एखादं बोट बाहेर डोकावतं आणि पाच काय, सहासुद्धा मोजता येतात.

जाणाऱ्यांनी एवढं करा: एकाच ठशावर थांबू नका, ओळीतले तीन-चार तरी टिपा, त्यातला एखादा सुटा सापडतो. मोबाईल ठशाच्या बरोबर वर आडवा धरा, तिरक्या फोटोत गोल ठसा लांबट दिसतो. उन्हं कलती असताना कडांची सावली पडते, भर दुपारी सगळं सपाट. चिखल फार पातळ असेल तर ठसा पसरून मोठा होतो, तिथलं माप धरू नका. सोमवारी पार्क बंद असतं, आणि ठसे ताजे दिसले तर माग काढत झाडीत शिरू नका, गाईड सांगेल तिथूनच फिरा.

पहिला फोटो मी डिलीट केला नाहीये, भावाला दोन्ही गादीच्या कडा बोटाने गिरवून दाखवल्या तेव्हा कुठे त्याला पटलं.