घडीत दबलेला आकडा आणि 1983 चं स्कोअरकार्ड

मामाच्या वहीत चिकटवलेल्या कात्रणाचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला, 1983 च्या वर्ल्डकप फायनलचं स्कोअरकार्ड, आपली बॅटिंग. फोटो तिरका, वर फ्लॅशचा पांढरा डाग आणि कागदाची घडी बरोब्बर संदीप पाटीलच्या रन्सवर. 27 की 21 कळेना. नेटवर सापडलं असतं पण म्हटलं कार्डातूनच काढू.

टोटल 183, एक्स्ट्रा 20, म्हणजे बॅट्समनचे 163. बाकी दहा जणांची बेरीज 136 (श्रीकांतचे 38 सगळ्यात जास्त), म्हणजे पाटीलचे 27 च. पण मग एक्स्ट्राचा आकडा तरी नीट वाचलाय का ते बघायला हवं ना, तर कंसात होतं b 5, lb 5, w 9, nb 1, बाय, लेग बाय, वाइड, नोबॉल, बेरीज 20, ओके. इथे एक गंमत आहे, बोलरच्या नावाआधीचा b म्हणजे त्याने विकेट काढली आणि एक्स्ट्राच्या ओळीतला तोच b म्हणजे बाय, त्यामुळे कुठली ओळ वाचतोय ते आधी बघायचं. यशपाल शर्मापुढे c sub b Gomes आहे, sub म्हणजे बदली फिल्डर, ते वेस्ट इंडीजच्या कुठल्या प्लेयरचं नाव नाही असं भाच्याला सांगावं लागलं 😄

मग बोलरांनी दिलेले रन्स जुळवायला घेतले, 32, 24, 24, 26, 49 आणि 8, झाले 163. आजच्या हिशोबाने 173 यायला हवेत कारण वाइड आणि नोबॉल बोलरच्या नावावर पडतात, हे दहा गेले कुठे? तर तेव्हा ते बोलरच्या खात्यात धरत नव्हते, म्हणून बोलरांची बेरीज बॅट्समनच्या बेरजेइतकीच येते. जुनं कार्ड तपासताना हे माहीत नसेल तर माणूस उगाच चांगला वाचलेला आकडा बदलत बसतो.

फॉल ऑफ विकेट्समध्ये 1-2, 2-59 असं छापलंय, पहिला आकडा विकेटचा, दुसरा स्कोअरचा. पुढे 90, 92, 110, 111, 130, 153, 161, 183. ही ओळ बॅटिंगच्या क्रमाने नसते, आउट होण्याच्या क्रमाने असते, पाटील पाचवा आला पण 153 ला आठवा गेला. आणि 110-111 बघा, एका रनात कपिल आणि कीर्ती आझाद दोघं गेले, शेवटी किरमाणी-संधूने 22 जोडले म्हणून 183 तरी दिसले.

रन रेटला भावाने कॅल्क्युलेटरवर 183 भागिले 54.4 मारलं, आलं 3.36. पण 54.4 म्हणजे 54 ओव्हर आणि 4 बॉल, दशांश नाही तो, एकूण 328 बॉल. 183 गुणिले 6 भागिले 328, 3.35.