प्रश्न चांगला, पण कुणासाठी?

*“अहवालात प्रत्येक प्रश्नापुढे सरळ ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असं का लिहीत नाही? ते आकडे आम्हाला कळत नाहीत.”*

लिहायचो की! आयआरटीच्या, म्हणजे उमेदवारांच्या उत्तरांवरून परीक्षेतला एकेक प्रश्न तपासण्याच्या पद्धतीच्या, तक्त्यात काठिण्य, प्रश्न जाणकाराला इतरांपासून किती वेगळं काढतो ते सांगणारं भेदनमूल्य, आणि तिसऱ्या रकान्यात शेरा. शेरा मनाचा नसे. भेदनमूल्य ०.६५ ते १.३४ असेल तर मध्यम, १.७० च्या वर गेलं तर फारच उत्तम, ही पट्टी पाठ्यपुस्तकांतच आहे. वाचणारे खूश असत, मीही. आता तो रकाना मी देत नाही, आणि त्यावरून ‘यांना सोपं करून सांगता येत नाही’ हे ऐकून घेतो. त्यामागे एक बैठक आहे.

निवडीसाठीची ४० प्रश्नांची परीक्षा होती. गुण अशा पट्टीवर मांडले होते की सरासरी ५० यावी आणि प्रमाण विचलन १०. निवडीची रेषा ६० वर. परीक्षा लांबते म्हणून निम्मे प्रश्न काढायचे होते. प्रश्नांचे ढोबळमानाने दोन गट होते; समजायला सोपं जावं म्हणून इथे आकडे गुळगुळीत करून देतो. पहिल्या गटातले २० प्रश्न सोपे, त्यांचं काठिण्य ४० च्या आसपास. म्हणजे ४० गुणांच्या पातळीच्या उमेदवाराला ते सुटण्याची शक्यता निम्मी. भेदनमूल्य २, शेरा ‘फारच उत्तम’. दुसऱ्या गटातल्या २० प्रश्नांचं काठिण्य बरोबर ६०, भेदनमूल्य १, शेरा ‘मध्यम’.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. समितीने तक्ता भेदनमूल्याप्रमाणे उतरत्या क्रमाने लावला आणि खालचे २० उडवले. मी बोललो नाही असं नाही. कोणत्या पातळीवर परीक्षा किती नेमकं मोजते ते दाखवणारा माहितीचा आलेख अहवालात होता, तो उघडून मी म्हणालो, “६० पाशी हा वक्र खाली बसतोय.” अध्यक्ष म्हणाले, “पण तुम्हीच ‘फारच उत्तम’ लिहिलंय ना? मग उत्तम ते ठेवू, मध्यम ते काढू.” यावर काय बोलणार? शेरा माझाच होता. एकूण विश्वसनीयताही छान दिसत होती, कारण सरासरी उमेदवारापाशी मापनाची चूक ३.५ गुणांच्या आतच राहत होती. ठराव झाला.

निकाल लागला तेव्हा वरच्या उमेदवारांना २० पैकी १९ नाहीतर २० मिळालेले. निवडीची रेषा १९ आणि २० च्या मधे येऊन पडली. गणित करून पाहा. ज्याची पातळी खरोखर ६५ आहे, त्याला असा एकेक प्रश्न सुटण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त. तरी वीसच्या वीस बरोबर यायचे म्हटले की अशा शंभरांतले तेराजण कुठेतरी एका प्रश्नावर घसरतात आणि बाहेर जातात. उलट पातळी ५५ असलेल्या शंभरांतले अडतीसजण वीसपैकी वीस मिळवून आत येतात. नंतर तक्रारी आल्या तेव्हा ‘प्रश्न फारच उत्तम होते’ हेच उत्तर गेलं, आणि खाली माझ्या अहवालाचा हवाला.

अजून चिडतो मी यावर. प्रश्न खरंच उत्तम होते. ४० पाशी रेषा असती तर त्यांच्यासारखे नाहीत. पातळी वाढेल तशी प्रश्न सुटण्याची शक्यता कशी वाढते ते दाखवतो प्रश्नाचा वक्र; भेदनमूल्य म्हणजे त्याचा चढ, आणि तो चढ असतो काठिण्याच्या आसपास. तिथून लांब गेलं की वक्र सपाट होतो, आणि चढ जितका तीव्र तितका तो लवकर सपाट होतो. एका प्रश्नाची माहिती भेदनमूल्याचा वर्ग गुणिले बरोबर येण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता इतकी. सोप्या गटातल्या प्रश्नाची ६० पाशी माहिती येते ०.०७, ‘मध्यम’ शेऱ्याच्या प्रश्नाची ०.२५. साडेतीन पट. चाळीस प्रश्न असताना ६० पाशी मापनाची चूक ४ गुणांची होती. विसाची निवड झाल्यावर ती ८.४ झाली. काढलेले वीसच ठेवले असते तर साडेचार. म्हणजे निम्मी परीक्षा कापूनही जवळपास काही गमवावं लागलं नसतं.

पण हा परिच्छेद मी त्या बैठकीत वाचून दाखवला असता तर तुम्ही ऐकला असतात का? खरं सांगा. म्हणून आता तक्त्यात भेदनमूल्याच्या जागी दोन रकाने असतात: रेषेच्या जरा खालच्या शंभर उमेदवारांपैकी किती जणांना हा प्रश्न येईल, आणि जरा वरच्या शंभरांपैकी किती जणांना. सोप्या गटातल्या प्रश्नापुढे लिहिलेलं असतं: ५५ वाल्यांपैकी ९५, ६५ वाल्यांपैकी ९९. दुसऱ्या गटातल्यापुढे: ३८ आणि ६२. यापैकी कोणता प्रश्न दोघांना वेगळं काढतो हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. काठिण्य, भेदन आणि माहिती तिन्ही त्या दोन आकड्यांत आलेले असतात. आणि मापनाची चूक मी गुणांत सांगतो: “६० मिळालेल्याची खरी पातळी ५६ ते ६४ मध्ये असण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश.” माहिती ६.४ असं लिहिलं तर कुणीही मान डोलावून पान उलटतं.

शेरा पूर्ण बंद केलाय असंही नाही. भेदनमूल्य शून्याजवळ आलं, म्हणजे प्रश्न जाणकार आणि बाकीचे यांत फरकच करत नाही, किंवा ऋण आलं, म्हणजे जाणकार चुकतात आणि बाकीच्यांचं बरोबर येतं, तर मी सरळ ‘वाईट’ लिहितो. बहुतेक वेळा उत्तरसूचीत चुकीचा पर्याय पडलेला असतो, किंवा दोन पर्याय बरोबर ठरत असतात. असा प्रश्न कोणत्याच रेषेपाशी कामाचा नसतो, तेव्हा तिथे ‘कुणासाठी’ विचारायची गरजच पडत नाही.

माझ्या नव्या रकान्यांनाही दुखणी आहेत. ३८ आणि ६२ हे आकडे वक्रांचं गणिती प्रतिमान बरोबर बसलंय असं धरून काढलेले आहेत. पूर्वचाचणीत ६० च्या पुढचे उमेदवार मोजकेच असतील तर अवघड प्रश्नांचे वक्र तिथे अंदाजपंचेच काढलेले असतात, आणि ‘शंभरातले ६२’ हे वाक्य मात्र मोजून आल्यासारखं दिसतं. म्हणून मी शेजारी खरोखर मोजलेली टक्केवारी देतो, आणि ती किती जणांवरून आली तेही. मग तक्ता पुन्हा जाड होतो. जुना मी अशा वेळी म्हणतो, बघ, शेराच बरा होता, निदान लोक वाचत तरी होते. त्याचं अगदीच चुकतं असं मला म्हणवत नाही.

निकाल तीन श्रेणींत लावायचा असेल तर रेषा दोन होतात. मग प्रत्येक प्रश्नापुढे चार आकडे, वर मोजलेले वेगळे. परवा असाच एक अहवाल पाठवला. परत आलेल्या मेलमध्ये एकच ओळ होती: यातले चांगले प्रश्न कोणते?